‘अर्धा तास पुढे’ म्हणजे किती वाजता? फुटबॉल प्रॅक्टिसची वेळ बदलल्याचा निरोप पालकांना कसा लिहावा

साताऱ्यात मुलांच्या एका फुटबॉल बॅचचे निरोप पालकांना पाठवायचं काम माझ्याकडे आहे. कोचिंग सर करतात, मी ग्रुप सांभाळतो. पहिल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर मी ग्रुपवर हा मेसेज टाकला होता :

> सर्व पालकांना नमस्कार. उद्यापासून प्रॅक्टिस अर्धा तास पुढे घेतली आहे. कृपया नोंद घ्यावी.

आधीची वेळ साडेपाचची होती. मला म्हणायचं होतं पाच. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं पाचला आली, काही नेहमीप्रमाणे साडेपाचला आली आणि सहा-सात जण बरोब्बर सहाला शिन गार्ड बांधून हजर झाले. कुणाचीच चूक नव्हती. ‘मीटिंग पुढे ढकलली’ म्हटलं की आपण नंतरची वेळ समजतो. ‘गाडी वेळेच्या पुढे आहे’ म्हटलं की आधीची समजतो. मी ‘पुढे घेतली’ असं लिहून दोन्ही दारं उघडी ठेवली होती. त्या दिवशी नऊ वर्षांच्या एका मुलाला व्हॅनवाल्या काकांनी पाचला सोडलं, कारण त्यांनी ‘पुढे’चा अर्थ ‘आधी’ घेतला. त्याच्या वडिलांनी ‘नंतर’ घेतला आणि ते साडेसातला न्यायला आले. साडेसहाला प्रॅक्टिस संपल्यापासून तो वॉचमनच्या खोलीच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसला होता.

तेव्हापासून वेळबदलाचा निरोप मी दहा ओळींचा असला तरी अर्धा तास घालवून लिहितो. इथे मी एकच प्रसंग घेतो, कारण तो दरवर्षी येतो आणि त्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात : दिवस लहान झाला म्हणून संध्याकाळची बॅच अलीकडे आणायची आहे.

लिहिण्याआधी : वेळ खरोखर ठरली आहे का?

अर्ध्या कच्च्या निर्णयाची सूचना कितीही छान लिहिली तरी ती सांडतेच. म्हणून पहिलं काम उजेडाचं गणित. साताऱ्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण 6.25 ला मावळतो, महिनाअखेरीस 6.05 च्या आसपास आणि नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आतच. त्यानंतर वीसेक मिनिटं चेंडू दिसण्याइतका संधिप्रकाश राहतो. शिवाय आपल्याकडे पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे. त्यामुळे शहराच्या काही भागात दिनदर्शिकेतल्या सूर्यास्ताच्या आधीच ऊन उतरतं. तेव्हा छापलेल्या वेळेवर विसंबू नका. एका संध्याकाळी ग्राउंडवर उभं राहा आणि पलीकडच्या गोलपोस्टजवळचा चेंडू किती वाजता दिसेनासा होतो ते घड्याळात बघा.

आमची बॅच 12 वर्षांखालच्या मुलामुलींची आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, 5.30 ते 7.00. ग्राउंडवर दिवे नाहीत. म्हणजे नोव्हेंबरात शेवटचा अर्धा तास वाया जातो, आणि अंधारात दहा वर्षांच्या पोराच्या तोंडावर चेंडू बसला की पुढची संध्याकाळ दवाखान्यात जाते. प्रॅक्टिस 6.15 ला संपवायची, म्हणजे शेवटची दहा मिनिटं स्ट्रेचिंग आणि कोन, बिब्स गोळा करण्यात गेली तरी उजेड पुरतो. सुरुवात 4.45 ला केली तर पूर्ण दीड तास मिळतो, पण बऱ्याच शाळा पाचला सुटतात. म्हणून ठरलं 5.00 ते 6.15.

यातून दोन प्रश्न जन्माला येतात, आणि ते पालकांनी विचारायच्या आत आपण सोडवलेले असले पाहिजेत. पहिला : पाचला शाळा सुटणारं मूल पाचला ग्राउंडवर कसं येणार? याचं उत्तर मी परस्पर लिहून टाकत नाही, आधी सरांना विचारतो. सर म्हणाले, पहिली पंधरा मिनिटं वॉर्म-अप असतो, उशिरा येणाऱ्याने स्वतः दोन फेऱ्या मारून मग सामील व्हावं, 5.15 च्या पुढे मात्र नको. दुसरा : दीड तासाचा सव्वा तास झाला, मग फी? तीन दिवसांची पंधरा-पंधरा मिनिटं म्हणजे आठवड्याला पाऊण तास कमी. तो भरून काढायला मी आधी शनिवारची सकाळ योजली होती. एका आईने लक्षात आणून दिलं की शनिवारी बऱ्याच शाळा सकाळी भरतात. मग रविवार सकाळ, 7.30 ते 8.15. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसातला उजेड असतो. आणि सैन्य-पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तोवर आपल्या फेऱ्या आटोपून निघालेली असतात, त्यामुळे ग्राउंड मोकळं मिळतं.

तिसरी गोष्ट हमखास राहून जाते : हे कधीपर्यंत? ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ लिहिणं सोपं, पण फेब्रुवारीत दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ‘जुनी वेळ कधीपासून?’ मार्चच्या सुरुवातीला सूर्यास्त 6.40 च्या जवळ येतो, म्हणजे सातपर्यंत कसंबसं दिसतं. तेव्हा 2 मार्च ही तारीख आजच लिहून टाकायची.

कोण वाचणार आहे

ग्रुपमध्ये 28 मुलांचे पालक आहेत. पण सूचना 28 जण वाचत नाहीत, त्याहून जास्त जण वाचतात, आणि ते सगळे ग्रुपमध्ये नसतात. आई ऑफिसातून तो मेसेज आजोबांना पाठवते. बाबा तो शाहूपुरीतून चार मुलं आणणाऱ्या व्हॅनवाल्या काकांना पाठवतात. काकांकडे आधीचे मेसेज नसतात, ग्रुपचं नाव नसतं, आणि फॉरवर्ड झालेला मेसेज मूळ कोणत्या दिवशी लिहिला होता हेही त्यांना कळत नाही. म्हणून माझी कसोटी अशी : हा मेसेज एकटाच, दोन दिवस उशिरा, काकांच्या फोनवर पोचला तर त्यांना कळेल का, की कुठल्या बॅचला, कोणत्या तारखेपासून, किती वाजता आणायचं आणि किती वाजता न्यायचं?

या कसोटीवर ‘उद्या’ नापास होतो. ‘परवा’ तर दुप्पट नापास, कारण मराठीत परवा होऊनही गेलेला असतो आणि यायचाही असतो. ‘येत्या सोमवारी’ आणि ‘पुढच्या सोमवारी’ यांचा घोळ तर घराघरात आहे. मी ही सूचना 26 ऑक्टोबरच्या रविवारी पाठवणार आणि बदल 3 नोव्हेंबरपासून होणार, तर ‘येत्या सोमवारपासून’ वाचून निम्मे लोक 27 लाच मुलांना पाचला आणून सोडतील. वार आणि तारीख दोन्ही लिहायची. एकात चूक झालीच तर दुसरी ती उघडी पाडते, हाही फायदा.

तसंच ‘साडेपाच’ आणि ‘पावणेसहा’ बोलताना छान वाटतं, पण सूचनेत आकडेच बरे. घाईत मेसेजवरून नजर फिरवणाऱ्याला 5.45 दिसतं, ‘पावणेसहा’मधला ‘सहा’ दिसतो. आकड्याआधी ‘संध्याकाळी’ किंवा ‘सकाळी’ हवंच. रविवारची प्रॅक्टिस सकाळची आहे म्हटल्यावर तर नक्कीच.

सूर कसा असावा

माझ्या जुन्या मेसेजमध्ये मला तीन चुकीचे सूर सापडले. तिन्ही माझेच आहेत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायचा प्रश्न नाही.

पहिला सूर परिपत्रकाचा. ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की अपरिहार्य कारणास्तव सरावाच्या वेळेत बदल करण्यात आला असून आपल्या पाल्यास वेळेवर पाठविण्यात यावे.’ शाळेच्या फळ्यावर लावलेल्या नोटिशीची ही भाषा हाताला इतकी सवयीची असते की नकळत उतरते. तिचा तोटा असा की निर्णय कुणी घेतला ते दिसत नाही. ‘करण्यात आला’, पण कुणाकडून? आणि ‘अपरिहार्य कारणास्तव’ किंवा ‘तांत्रिक अडचणीमुळे’ वाचलं की पालकांच्या मनात भलतंच येतं : सर सोडून चालले का, ग्राउंड गेलं का, फी वाढणार का? अंधार पडतो हे कारण चार शब्दांत मावतं आणि ते प्रत्येकाला खिडकीतून पडताळता येतं. ते सरळ लिहावं. कारण ग्राउंडचं असेल, म्हणजे त्या वेळी ते दुसऱ्या कुणाला दिलं असेल, तर तेही सरळ लिहावं. मात्र एक कारण लिहून दुसरंच मनात ठेवू नये, आपल्या शहरात ते दोन दिवसांत पोवई नाक्यावर पोचतं.

दुसरा सूर गयावयाचा. ‘खूप खूप सॉरी, सगळ्यांची गैरसोय होतेय हे माहीत आहे, पण प्लीज समजून घ्या’, पुढे हात जोडलेली पाच चिन्हं. वाटतं की यामुळे लोक मऊ होतील. प्रत्यक्षात लोकांना वाटतं की निर्णय अजून पक्का नाही आणि दोन-तीन जण ‘सर, 5.15 केलं तर?’ असं सुरू करतात. मग त्याला अनुमोदन, मग विरोध, आणि मूळ सूचना चाळीस मेसेजच्या खाली गाडली जाते. दिलगिरी तिथेच व्यक्त करावी जिथे चूक आपली आहे. दिवस लहान होण्याला आपण जबाबदार नाही.

तिसरा सूर ठपक्याचा, आणि तो नेहमी शेवटच्या ओळीत लपलेला असतो : ‘मागच्या वेळी काही पालक न्यायला उशिरा आले होते, या वेळी तसं होऊ नये.’ ‘काही पालक’ कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दोघांना चारचौघांत बोलल्यासारखं होतं आणि बाकी सव्वीस जणांना उगाच. त्या दोघांशी फोनवर बोला.

मग हवा कोणता? कोच गेटवर भेटले तर ज्या सुरात सांगतील तो, फक्त थोडा नीटनेटका. ‘आम्ही वेळ बदलत आहोत’ असं सरळ, म्हणजे निर्णयाला मालक असतो. ‘कृपया’ एकदाच, आणि जिथे खरोखर विनंती आहे तिथे. वेळ सांगताना कृपया लागत नाही.

इथे एक खास मराठी खड्डा आहे. ‘आपण’ हा शब्द आदराचा ‘तुम्ही’ही असतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असलेला ‘आपण’ही. एकाच मेसेजमध्ये ‘आपण प्रॅक्टिस पाचला सुरू करत आहोत’ आणि ‘आपण 6.15 ला गेटवर यावे’ आलं की वाचणारा अडखळतो. त्याहून वाईट म्हणजे ‘आपण थांबू’ लिहिलं तर सर थांबणार की पालकांनीही थांबायचं, हे कळत नाही. मी पालकांसाठी ‘तुम्ही’ ठेवतो आणि आमच्यासाठी ‘आम्ही’, किंवा नुसतं क्रियापद. साताऱ्यात ‘तुम्ही’ला कुणी उद्धट समजत नाही. ‘यावे, पाठवावे, कळवावे’ही वापरत नाही. ते चूक नाही, पण तीन-चार आले की मेसेज फळ्यावरच्या नोटिशीसारखा वाजतो. ‘या, पाठवा, कळवा’ तितकंच सभ्य आहे. आणि बॅचमध्ये मुली आहेत, तेव्हा जिथे एकेकाबद्दल बोलायचं तिथे ‘मुलाचं किंवा मुलीचं नाव’. एका बापाने मला हसत विचारलं होतं, ‘आमची पोरगी धरली नाही का यात?’

आता ओळी रचू या

फोन लॉक असताना वरच्या पट्टीत मेसेजची सुरुवात तेवढी दिसते. अनेक जण तिथेच वाचून पुढे जातात. तेव्हा ‘सर्व पालकांना सप्रेम नमस्कार, आशा आहे सगळे मजेत असाल’ यात ती जागा घालवू नका. पहिल्या ओळीत बॅच, तारीख, नवी वेळ. नमस्कार दुसऱ्या ओळीत जाऊ द्या, त्याने कुणाचा अवमान होत नाही. व्हॉट्सॲपवर ओळ ठळक करायची असेल तर तिच्या दोन्ही टोकांना एकेक तारा द्यायचा, मध्ये जागा न सोडता : `*असं*`. पण ठळक एकच ओळ. सगळंच ठळक केलं की काहीच उठून दिसत नाही.

त्याखाली जुनी वेळ आणि नवी वेळ, एकाखाली एक. ‘पुढे-मागे’चा सगळा वाद या दोन ओळी मिटवतात. मग जे बदललेलं नाही ते : वार तेच, ग्राउंड तेच. ही ओळ लोक फालतू समजतात, पण ती नसेल तर किमान पाच जण विचारतात.

मग न्यायची वेळ स्वतंत्र ओळीत. प्रॅक्टिस संपण्याची वेळ आणि मूल गेटवर मिळण्याची वेळ पालकांच्या डोक्यात एक नसते. आणायला उशीर झाला तर वॉर्म-अप बुडतो, न्यायला उशीर झाला तर मूल अंधारात उभं राहतं. म्हणून सर कुठे आणि किती वाजेपर्यंत थांबतील तेही लिहायचं. त्यानंतर कारण, एका वाक्यात. कारण आधी आणि वेळ नंतर, हा उलटा क्रम बोलताना स्वाभाविक असतो (‘अहो, हल्ली अंधार लवकर पडतो ना, म्हणून...’), पण वाचणारा कारणापाशीच मान डोलावून मेसेज बंद करतो.

शेवटी शाळा, फी, उत्तर कसं द्यायचं, आणि कधीपर्यंत. तयार मजकूर असा :

> *12 वर्षांखालील बॅच : सोमवार, 3 नोव्हेंबरपासून प्रॅक्टिस संध्याकाळी 5.00 ते 6.15*
>
> नमस्कार. 12 वर्षांखालील बॅचची वेळ बदलत आहोत.
>
> आत्ताची वेळ : संध्याकाळी 5.30 ते 7.00
> नवी वेळ : संध्याकाळी 5.00 ते 6.15
> वार तेच (सोमवार, बुधवार, शुक्रवार). ग्राउंड तेच.
>
> न्यायला 6.15 ला गेटवर या. सर 6.30 पर्यंत गेटवर असतील.
>
> आता साडेसहाच्या आत अंधार पडतो आणि ग्राउंडवर दिवे नाहीत, म्हणून हा बदल.
>
> शाळा पाचला सुटत असेल तर 5.15 पर्यंत आलं तरी चालेल.
> कमी होणारा वेळ रविवारी सकाळी 7.30 ते 8.15 ला भरून काढू. पहिला रविवार 9 नोव्हेंबर. फी तीच.
>
> 5.15 पर्यंतही येणं शक्य नसेल तर कृपया मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि शाळा सुटायची वेळ मला वैयक्तिक मेसेजवर कळवा, गुरुवार, 30 ऑक्टोबरपर्यंत. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल.
>
> ही वेळ शुक्रवार, 27 फेब्रुवारीपर्यंत. सोमवार, 2 मार्चपासून पुन्हा 5.30 ते 7.00.

खाली नाव आणि नंबर. नंबर ग्रुपमध्ये दिसतो हे खरं, पण काकांच्या फोनवर दिसत नाही.

‘बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल’ या ओळीसाठी मी दोन वर्षं अंगठे मोजले आहेत. सगळ्यांना ‘वाचल्याचं कळवा’ म्हटलं की अठ्ठावीस अंगठे येतात, आणि नंतर ग्रुप उघडणाऱ्याला अंगठेच दिसतात, सूचना वर निघून गेलेली असते. कुणी वाचलं हे अंगठ्यांशिवायही कळतं : आपलाच मेसेज दाबून धरून मेसेज इन्फो उघडला की वाचलेल्यांची यादी येते. शिवाय सूचना पिन करून ठेवता येते, 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. अशा सूचनेला मी 30 दिवस देतो. महिन्यानंतर तिची गरज कुणालाच नसते.

पाठवायचं कधी

आठ दिवस आधी, रात्री आठ-साडेआठला. दुपारी पाठवलेला मेसेज ऑफिसात अर्धवट वाचला जातो, रात्री अकराचा सकाळच्या शुभेच्छांखाली दबतो. आठ दिवस यासाठी की व्हॅनवाल्या काकांना फेरी बदलायची असते आणि एखाद्या घरात ट्यूशनची वेळ हलवायची असते. दिवाळी नुकतीच झालेली असते, काही घरं अजून गावी असतात, तेही धरा.

बदलाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे रविवार 2 नोव्हेंबरला आठवण. ती नवीन शब्दांत लिहू नका. पहिली ठळक ओळ आणि न्यायची ओळ, एवढंच पुन्हा. शब्द बदलले की लोकांना वाटतं, पुन्हा काहीतरी बदललं. सोमवारी दुपारी मेसेज इन्फो बघायचा आणि ज्यांनी वाचलंच नाही त्यांना फोन करायचा. मागच्या खेपेला असे तिघं निघाले. एकाचा फोन बदलला होता, एक आजोबा बघतच नव्हते, आणि तिसऱ्याने ग्रुप म्यूट केला होता. तो तसाच ठेवीन म्हणाला, ‘तुम्ही फोन करताच की.’

ऐन दिवसाचा बदल

पावसाचं प्रकरण वेगळं. जूनपासून, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो तेव्हाही, तीन वाजता लख्ख ऊन आणि पाचला गडगडाट हे साताऱ्यात नित्याचं. अशा सूचनेत रचना वगैरे काही नको, तीन ओळी पुरतात. फक्त निर्णय पालकांवर ढकलू नका. ‘पाऊस असल्यास प्रॅक्टिस होणार नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण करंज्यात धो धो पडत असतो आणि गोडोलीत रस्ता कोरडा असतो. पाऊस कुठला धरायचा, हे कुणी ठरवायचं?

आम्ही ठरवून टाकलं आहे : रद्द करायची असेल तर 4.15 पर्यंत मेसेज येईल, नाही आला तर प्रॅक्टिस आहे. मेसेज असा :

> *आज, बुधवार, 5 नोव्हेंबर : 12 वर्षांखालील बॅचची प्रॅक्टिस रद्द.*
> ग्राउंडवर पाणी साचलं आहे. शुक्रवारची प्रॅक्टिस नेहमीप्रमाणे.

‘आज’बरोबर तारीख, कारण हा मेसेज कुणीतरी उद्या वाचणारच.

प्रॅक्टिस चालू असताना विजा सुरू झाल्या तर सर मुलांना लगेच पक्क्या छताखाली नेतात आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून 30 मिनिटं ग्राउंडवर परत सोडत नाहीत. सव्वा तासाच्या प्रॅक्टिसमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा प्रॅक्टिस संपली असाच होतो. तेव्हा मेसेजमध्ये आधी मुलं कुठे आहेत ते लिहायचं, मग न्यायला कधी यायचं ते. ‘विजांमुळे प्रॅक्टिस थांबवली आहे’ एवढंच वाचून तीन आया पावसात गाड्या काढून निघाल्या होत्या. ‘मुलं ऑफिसच्या इमारतीत सरांसोबत आहेत, पाऊस कमी झाल्यावर 6.15 ला या’ असं वाचलं असतं तर त्या निघाल्या नसत्या.

चूक झालीच तर

पाठवल्यापासून 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. पण ते तेव्हाच करा जेव्हा चूक काना-मात्रेची असेल. वेळ किंवा तारीख चुकली असेल तर दोन मिनिटांत दुरुस्त करूनही उपयोग नसतो, कारण तेवढ्यात कुणीतरी तो काकांकडे पाठवलेला असतो आणि काकांच्या फोनवरची प्रत जुनीच राहते. चुकीचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा आणि नवा टाका, पहिला शब्द ‘दुरुस्ती’ :

> *दुरुस्ती : रविवारची प्रॅक्टिस सकाळी 7.30 ते 8.15 आहे. आधीच्या मेसेजमध्ये 6.30 लिहिलं होतं, ते चुकीचं.* पुढे पाठवला असेल तर हाही पाठवा.

इथे एकदा ‘माफ करा’ लिहायला हरकत नाही, चूक आपली आहे. पण दुरुस्तीचा मेसेज लांबवू नका, आणि त्यात बाकीची सगळी सूचना पुन्हा ओतू नका. बदललेला आकडा तेवढा दिसला पाहिजे.

आणि मार्चची वेळ आत्ताच लिहिली आहे म्हणून फेब्रुवारीत गप्प बसायचं नाही. ती ओळ नोव्हेंबरात कुणी लक्षात ठेवत नाही. मी फोनमध्ये 22 फेब्रुवारीच्या रविवारचा गजर लावून ठेवला आहे. त्या रात्री साडेआठला वरचाच मजकूर, जुनी-नवी वेळ उलटी करून जाईल. फक्त शाळेची ओळ गळेल, आणि रविवारची प्रॅक्टिस बंद होत असल्याची एक ओळ वाढेल. ती विसरलो तर 8 मार्चच्या सकाळी साडेसातला ग्राउंडवर कोण कोण उभं असेल, त्यांची नावं मी आत्ताच सांगू शकतो.